उतरणीवरच्या ठोकळ्याचा दुसरा बाण

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या वहीत एक आकृती हमखास सापडते. एक काटकोन त्रिकोण, त्याच्या कर्णावर तिरका बसलेला ठोकळा आणि त्या ठोकळ्यातून निघालेले बाण. सरळ खाली जाणारे वजन mg, पृष्ठभागाला काटकोनात असलेले अभिलंब बल N आणि उतरणीवरून वरच्या दिशेने लागणारे घर्षण f. त्यानंतर वजनाचे दोन घटक पाडायचे, उतरणीला समांतर mg sinθ आणि उतरणीला लंब mg cosθ. शाळा-कॉलेजात हिला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. ती इतक्या सराईतपणे फळ्यावर उतरते की कोणी तरी, बहुधा न्यूटनने, ती एका बैठकीत काढून दिली असावी असा समज होतो. तिची कुळकथा तशी नाही. समांतर घटक, म्हणजे साइनचा बाण, न्यूटनच्या शंभर वर्षे आधी छापील पुस्तकात आलेला होता. लंब घटक, म्हणजे कोसाइनचा बाण, पुढे भूमितीतून हाती लागला, पण ठोकळा हलेल की नाही या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो संबंध घर्षणाने जोडला. आजच्या रूपातली ही आकृती घर्षणाच्या हिशेबासाठी घडत गेली, असे माझे म्हणणे आहे, आणि विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकाही नेमक्या याच जोडावर का होतात ते त्यावरून कळते.

सुरुवात एका फसलेल्या प्रयत्नापासून करावी लागते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने प्रश्न मांडला तो असा: सपाट जमिनीवर एखादे वजन हलवायला अमुक जोर लागतो, तर तेच वजन तिरक्या पृष्ठभागावरून वर चढवायला किती जोर लागेल? त्याने तरफेचा नियम वापरून उत्तर काढले आणि ते चुकले. पृष्ठभाग उभा होत गेला की त्याच्या सूत्रातला जोर अमर्याद वाढतो. वास्तविक उभ्या भिंतीशेजारून वजन उचलायला त्या वजनाइतकाच जोर पुरतो. चूक गणिताची कमी आणि मांडणीची जास्त होती. सपाट जमिनीवर लागणारा जोर हा केवळ घर्षणामुळे लागतो. घर्षण नसेल तर तो शून्य असतो. पॅपसने हा घर्षणाचा आकडा वजनाच्या हिशेबाला पाया म्हणून घेतला, आणि दोन वेगळी बले एकाच संख्येत मिसळली. तेराव्या शतकात जॉर्डेनसच्या परंपरेतल्या लेखकांनी घर्षणाला पूर्ण रजा दिली आणि उतरणीचे बरोबर उत्तर काढले. उतरणीवर वजनाचा प्रभाव कमी होतो, आणि किती कमी होतो ते उतरणीच्या लांबी-उंचीच्या प्रमाणावर ठरते, इतके त्यांच्या लक्षात आले होते.

या उत्तराची सर्वांत देखणी सिद्धता १५८६ साली लायडनला छापलेल्या सिमोन स्टेव्हिनच्या डच पुस्तकात आहे. एक त्रिकोण घ्या, पाया आडवा, एक तिरकी बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्याच्याभोवती चौदा सारख्या गोळ्यांची माळ टाका. लांब बाजूवर चार गोळे बसतात, आखूड बाजूवर दोन, उरलेले आठ खाली झोक्यासारखे लोंबतात. आता ही माळ आपोआप फिरू लागेल का? फिरली तर एका गोळ्याची जागा दुसरा घेईल, मांडणी पुन्हा पहिल्यासारखीच होईल, म्हणजे ती फिरतच राहील. हे अशक्य, म्हणून माळ स्थिर. खालचे आठ गोळे दोन्ही बाजूंना सारखेच ओढतात, त्यांना काढून टाकले तरी वरचे चार आणि दोन एकमेकांना तोलून धरतात. निष्कर्ष असा की उतरण जितकी लांब तितकी तिच्यावरच्या वजनाची ओढ कमी, त्याच प्रमाणात. आपण ज्याला mg sinθ म्हणतो ते हेच, फक्त साइन हा शब्द न वापरता: वजन गुणिले उंची भागिले लांबी. आपल्याकडच्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गाला, जो १८६३ मध्ये सुरू झाला, सदतिसात एक असा चढ आहे. स्टेव्हिनच्या नियमाने हजार टनांच्या गाडीला मागे ओढणारे बल साधारण २७ टनांच्या वजनाइतके येते, आणि घाटात जादा इंजिने का जोडावी लागतात ते त्या एका भागाकारात कळते.

स्टेव्हिनच्या या सिद्धतेत काय नाही ते पाहण्यासारखे आहे. त्यात अभिलंब बल नाही. पृष्ठभाग गोळ्यांना किती जोराने वर रेटतो, याची चौकशी करण्याची त्याला गरजच पडली नाही, कारण गोळे पृष्ठभागावरून सरकतात आणि लंब दिशेत काही घडत नाही. गॅलिलिओने १६०० च्या सुमारास यंत्रशास्त्रावर लिहिलेल्या टिपणात उतरणीचा नियम वाकड्या तरफेवरून काढला, त्यातही हवी असलेली गोष्ट एकच होती, उतरणीवरची ओढ. घर्षण नसलेल्या उतरणीवर ठोकळ्याचे त्वरण g sinθ इतके असते आणि ते काढायला कोसाइन लागत नाही. दुसरा बाण काढला काय आणि न काढला काय, उत्तर तेच.

येथे एक आक्षेप रास्त आहे. १६८७ हे वर्ष या इतिहासात विलक्षण आहे. त्याच वर्षी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ आला, त्याच वर्षी पॅरिसमध्ये पिएर व्हारिन्योंने नव्या यंत्रशास्त्राचा आराखडा छापला, आणि त्याच वर्षी बर्नार लामीनेही बलांच्या समांतरभुज चौकोनाचा नियम मांडला. न्यूटनच्या गतिनियमांच्या दुसऱ्या उपसिद्धांतात तर बलाचे विघटन करून तिरक्या पृष्ठभागावर लंब पडणारा दाबही काढून दाखवला आहे. मग कोसाइनचा बाण घर्षणाने आणला असे कसे म्हणता येईल? बाण कागदावर आला तो या तिघांच्या चौकोनातूनच, हे मान्य करायला हवे. पण तेथे त्याचे काम पृष्ठभागापुरते होते. फळी किती भार सोसते, पाचर किती रेटते, हे त्यावरून कळे. ठोकळ्याच्या गतीच्या समीकरणात त्याला जागा नव्हती. साइनचा बाण ठोकळ्याचे भवितव्य ठरवी आणि कोसाइनचा बाण फळीचे. दोन्ही एकाच वस्तूच्या एकाच हिशेबात येण्यासाठी या दोन लंब दिशांना जोडणारा एखादा नियम लागत होता, आणि भूमितीत असा नियम कोठेच नव्हता, कारण भूमितीत काटकोनातल्या दोन दिशा एकमेकींना ओळखत नाहीत.

तो नियम प्रयोगातून आला. लिओनार्दो दा विंचीने १४९३ पासूनच्या आपल्या वह्यांत घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते हे लिहून ठेवले होते, आडव्या आणि तिरक्या पृष्ठभागांवरच्या ठोकळ्यांची चित्रेही काढली होती. पण त्या वह्या त्याच्या काळात छापल्या गेल्या नाहीत, त्यामुळे पुढच्या दोनशे वर्षांतल्या घडामोडींत त्यांचा हात नाही. ज्यांचा हात आहे ते गियोम आमोंतों. १६९९ मध्ये त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला. तांबे, लोखंड, शिसे आणि लाकूड यांचे नमुने डुकराची चरबी लावून एकमेकांवर घासले आणि घर्षण दाबाच्या सुमारे एक तृतीयांश येते असा निष्कर्ष काढला. तो एक तृतीयांशाचा आकडा पुढे टिकला नाही, प्रत्येक जोडीचा आकडा वेगळा निघाला. क्षेत्रफळाचा संबंध नाही ही गोष्ट अकादमीला इतकी अविश्वसनीय वाटली की ला हीर यांना पुन्हा प्रयोग करावे लागले, आणि तेही त्याच उत्तराला आले. मला मात्र आमोंतोंच्या साधनातला एक तपशील सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यांनी नमुने एकमेकांवर दाबले ते स्प्रिंगने. म्हणजे दाब आणि वजन या दोन गोष्टी त्यांच्या टेबलावर उघडउघड वेगळ्या झाल्या. सपाट जमिनीवर ठोकळ्याचे वजन आणि जमिनीवरचा दाब हे आकडे सारखेच असतात, म्हणून त्यांच्यातला फरक दिसत नाही. घर्षण वजनाच्या प्रमाणात आहे की दाबाच्या, हे सपाट जमीन सांगू शकत नाही. स्प्रिंग सांगते, आणि उतरणही सांगते.

उतरणीवर हा फरक लगेच अंगावर येतो. वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभागावरचा दाब mg cosθ इतकाच उरतो, म्हणून घर्षणाची मर्यादा उतरण उभी होत जाईल तशी घटते, आणि त्याच वेळी खाली ओढणारा mg sinθ वाढत जातो. दोन्ही समान होतात तो कोन, ज्याचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. आंत्वान पारां यांनी १७०४ मध्ये घर्षणासह आणि घर्षणाविना अशा दोन्ही स्थितिकींवर निबंध लिहिला आणि या कोनाचा विचार तेव्हापासून यंत्रशास्त्रात आला. mg दोन्हीकडून उडून जाते, तराजू लागत नाही, केवळ फळी उचलत नेऊन कोन मोजला की घर्षणांक हाती येतो. येथे कोसाइनच्या बाणाला पहिल्यांदा ठोकळ्याच्या हिशेबात काम मिळाले. साइनला कोसाइनने भागल्याशिवाय टॅन्जंट मिळत नाही.

पुढची पायरी लिओनार्ड ऑयलरची. बर्लिन अकादमीसाठी १७४८ च्या सुमारास लिहून १७५० मध्ये छापलेल्या निबंधांत त्याने हाच ठोकळा घेऊन एक प्रश्न विचारला. फळी हळूहळू उचलत ठोकळा जेमतेम सुटेल त्या कोनावर थांबलो, तर तो कसा घसरेल? ओढ आणि घर्षण जवळजवळ समान असल्यामुळे तो अगदी मंद, दिसेल न दिसेल असा सरकायला हवा. प्रत्यक्षात तो सुटला की चांगला वेगाने खाली येतो. याचा अर्थ सुटण्यापूर्वीचे घर्षण आणि घसरतानाचे घर्षण एक नाही, दुसरे लहान आहे. स्थितिक आणि गतिक घर्षणातला भेद इतक्या साध्या निरीक्षणातून निघाला. शार्ल ऑगस्तँ कूलोमने पुढे रोशफोरच्या नौदल गोदीत मोठ्या भारांवर प्रयोग करून १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळवले. ठोकळा जितका वेळ एका जागी राहील तितके त्याचे सुटणे अवघड होत जाते, विशेषतः लाकडावर लाकूड असेल तर, हे त्याच्या मोजमापात दिसले.

आकडे घालून पाहू. दहा किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षणांक ०.५, गतिक ०.४, आणि g ९.८ घेतला तर वजन ९८ न्यूटन. फळी २० अंशांवर असताना उतरणीवरची ओढ ३३.५ न्यूटन आणि लंब घटक ९२.१ न्यूटन. पृष्ठभागाला लंब दिशेत ठोकळ्याला त्वरण नाही, म्हणून N ही ९२.१ च. घर्षणाची कमाल मर्यादा याच्या निम्मी, म्हणजे ४६ न्यूटन. येथे विद्यार्थी f = μN असे लिहून मोकळा होतो आणि घर्षण ४६ न्यूटन मांडतो. ते खरे असेल तर ठोकळ्यावर वरच्या दिशेने १२.५ न्यूटन उरतात, आणि तो आपोआप चढ चढू लागेल! प्रत्यक्ष घर्षण ३३.५ न्यूटन असते, लागेल तेवढेच. ४६ ही त्याची सीमा आहे, त्याचे मूल्य नाही. योग्य नियम f ≤ μN असा असमानतेचा आहे, आणि ठोकळा स्थिर असताना घर्षण किती हे घर्षणांकावरून कधीच ठरत नाही, ते बाकीच्या बलांवरून ठरते. फळी २६.६ अंशांवर नेली की ओढ आणि मर्यादा दोन्ही ४३.८ न्यूटन होतात. ठोकळा सुटला की घर्षण एकदम ३५.१ न्यूटनवर उतरते, ८.८ न्यूटन शिल्लक राहतात, त्वरण ०.८८ मीटर प्रति सेकंद वर्ग. एक मीटर अंतर तो दीड सेकंदात कापतो. ऑयलरला जो वेग दिसला तो असा. ३० अंशांवर ओढ ४९, लंब घटक ८४.९, गतिक घर्षण ३४, आणि त्वरण दीडच्या आसपास.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून बळकट आहे. लाग्रांजने १७८८ च्या ग्रंथात सगळे यंत्रशास्त्र एकही आकृती न काढता लिहून दाखवले, आणि त्याचा त्याला अभिमान होता. मग या बाणांची गरज काय? त्याच्या पद्धतीचा आत्मा असा की पृष्ठभागाचे बल सरकण्याच्या दिशेला लंब असते, ते काहीच कार्य करत नाही, म्हणून ते समीकरणातून आपोआप गळते. गुळगुळीत उतरणीवर ही फार मोठी सोय आहे. पण घर्षण आले की गळालेले N परत आणावे लागते, कारण घर्षणाची मर्यादा त्यावरच टांगलेली आहे. लाग्रांजच्या गुणकांतून N काढता येते हे खरे, पण तसे करणे म्हणजे बंधन सैल करून त्याच्या जागी बल ठेवणे. फ्री बॉडी डायग्राम नेमके हेच चित्रात करतो. फळी पुसून टाकायची आणि फळी जे काही करत होती ते दोन बाणांनी दाखवायचे, एक लंब N आणि एक समांतर f. एकोणिसाव्या शतकात मोझली आणि रँकिन यांच्या अभियांत्रिकीच्या ग्रंथांत भिंती, कमानी आणि मातीचे ढीग यांचा घर्षणासह हिशेब करावा लागला, आणि वस्तूला तिच्या आधारापासून वेगळी काढून पाहण्याची सवय तेथे पक्की झाली. विसाव्या शतकात टिमोशेंकोसारख्यांच्या पाठ्यपुस्तकांनी ती जगभरच्या वर्गात पोचवली.

या जोडावर दुसरी चूक होते ती बाण मोजण्यात. वही तपासताना ठोकळ्यावर पाच बाण दिसतात: mg, N, f, mg sinθ आणि mg cosθ. वजन दोनदा मोजले गेले. ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येक बाणाला विचारायचे की हे बल कोण लावते. mg पृथ्वी लावते, N आणि f फळी लावते. mg sinθ कोण लावते याला वेगळे उत्तर नाही, कारण ते mg चेच दुसरे रूप आहे. म्हणून घटक तुटक रेषेने काढावेत, किंवा शेजारी वेगळ्या आकृतीत. N = mg cosθ हे पाठ करणेही धोक्याचे. ठोकळ्याला कोणी आडवे ढकलले, दोरीने तिरके ओढले किंवा उतरणच त्वरणाने सरकू लागली तर N बदलते. वळणावर तिरक्या केलेल्या रस्त्यावर, घर्षण नसेल तर, N = mg/cosθ येते, वजनाहून मोठे, कारण तेथे शून्य असते ते उभ्या दिशेचे त्वरण. सूत्राआधी कोणत्या दिशेत त्वरण नाही हे पाहावे लागते.

आकृतीची एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. सगळे बाण ठोकळ्याच्या मध्यबिंदूतून काढले की ठोकळा उलटेल का हे तिला विचारता येत नाही. वजन मध्यातून जाते, पण घर्षण तळाशी लागते, आणि त्याचे वळण तोलण्यासाठी N ला मध्यावरून उताराच्या बाजूला सरकावे लागते. दहा सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर उंच ठोकळ्यात तो सरकत सरकत १८.४ अंशांवर खालच्या कडेशी पोचतो, आणि ठोकळा घसरण्याच्या कोनाआधीच कलंडतो. वरच्या हिशेबातले २६.६ अंश तो कधी पाहतच नाही. अशा वेळी N आणि f तळाशी, त्यांच्या खऱ्या जागी काढावे लागतात.

पाठ्यपुस्तके आजही आधी गुळगुळीत उतरण शिकवतात आणि घर्षण नंतर, जणू ते वरून घातलेले मीठ आहे. त्यामुळे mg cosθ हा बाण सुरुवातीला निरुद्योगी राहतो, मुले तो पाठ करतात, आणि घर्षण आल्यावर त्याच्या जागी सरळ mg लिहितात. शिक्षकांनी हा क्रम उलटा करून पाहावा. पहिल्याच तासाला एक फळी, एक ठोकळा आणि एक कोनमापक द्यावा, ठोकळा सुटेपर्यंत फळी उचलायला सांगावी, मग त्याच ठोकळ्यावर दुसरा तसाच ठोकळा ठेवून पुन्हा उचलायला लावावी. दोन्ही वेळा कोन जवळजवळ तोच येतो. तो तसा का येतो हे समजावताना कोसाइनचा बाण काढावाच लागेल, आणि तो तेव्हाच काढावा.